कारभारीची पोस्ट आणि खांद्यावरचा हात

कारभारी बोडखे हैदराबादची मॅरेथॉन पळून घरी पोचला, त्याच्या आधी त्याची पोस्ट पोचली. माणूस अजून रेल्वेत होता, सुजलेले पाय समोरच्या बाकावर ठेवून. आणि पोस्ट तोवर मुकुंदवाडीतल्या त्याच्या मोटारी-पाइपांच्या दुकानाला वळसा घालून गंगापूरच्या सासुरवाडीला चहा पिऊन आली होती. पोस्ट अशी होती:

"मी ठरवलं. मी धावलो. मी जिंकलो. बेचाळीस किलोमीटर. ना कोणाचा आधार, ना कोणाची साथ. वाघाला कळपाची गरज नसते."

आता वाघ बेचाळीस किलोमीटर धावत नाही, हे मी अनुभवानं सांगतो. गौताळ्याच्या जंगलात एकदा एक वाघ माझ्या मागं लागला होता. शंभर-दीडशे पावलांत त्याला धाप लागली आणि तो एका दगडावर बसला. मी कन्नडच्या बस स्टँडपर्यंत थांबलो नाही. तेव्हा वाघ आणि मॅरेथॉन यांचा काही संबंध नाही, पण कारभारीला हे सांगणार कोण? पोस्टीखाली "एकच वाघ", "वाघ तो वाघ" अशा प्रतिक्रियांची रांग लागली होती. त्यात त्याच्या पाइप कंपनीच्या एजंटानं तर तीनदा तेच लिहिलं होतं.

खरी गंमत फोटोत होती. कारभारी एकटा उभा, गळ्यात पदक, छातीवर नंबराचा कागद, तोंडावर हसू. आणि उजव्या खांद्यावर एक हात. नुसता हात. मनगटावर काळ्या पट्ट्याचं घड्याळ, त्याच्या वर हिरव्या धाग्यानं विणलेला घाम पुसायचा पट्टा आणि त्याच्या पुढं काहीच नाही. फोटो नेमका तिथं कापलेला. बघणाऱ्याला वाटावं, की आकाशातून देवीनं हात सोडलाय.

टेकडीवर येणाऱ्या प्रत्येकानं तो हात ओळखला. तो सुलेखा खरातांचा होता.

टेकडी म्हणजे गोगाबाबाची. विद्यापीठाच्या मागं. तिथं सकाळी चढ-उताराचा सराव करणारी पाच-पंचवीस माणसं येतात. मी पायथ्याशी दगडावर बसतो आणि त्यांच्या गाड्यांच्या चाव्या, मोबाइल, कवळ्या असं सांभाळतो. सगळे मला अण्णा म्हणतात. सुलेखाताई बँकेत कॅशियर. पन्नाशीच्या आतबाहेर, अंगानं काटक, बोलण्यात नोटा मोजल्यासारखा हिशोबी ठेका. आजवर चार मॅरेथॉन पळालेली बाई. कारभारीला पळायला त्यांनीच शिकवलं. पहिल्या दिवशी तो टेकडीच्या तिसऱ्या वळणावर आडवा झाला होता आणि एक कुत्रं येऊन त्याचं तोंड हुंगून, "गेलं बहुतेक" अशा चेहऱ्यानं निघून गेलं होतं. तिथून बाईंनी त्याला उठवला. आज किती, उद्या किती, कधी विश्रांती, सगळं त्यांनी आखून दिलं.

तिसरा मोतीराम. एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक. याचा गुडघा गेल्या वर्षी गेला, म्हणून यंदा पळणं बंद. पण रविवारी सगळे नगर नाक्यावरून दौलताबादच्या रस्त्याला लांब पल्ल्याचा सराव करतात, तेव्हा मोतीराम स्कूटरवरून पाणी, मीठ-साखर आणि केळी घेऊन त्यांच्या बरोबर चालतो. मागं कॅन धरून मी बसतो. पळणाऱ्यांत माझीही गणती होते ती अशी.

आणि एक रीत होती. रविवारी पहाटे उठायचा भरवसा कुणाला स्वतःचा नव्हता. म्हणून सुलेखाताई कारभारीला मिसकॉल द्यायच्या, कारभारी मोतीरामला, मोतीराम मला. एक रिंग, आणि कट. उचलायचा नाही. उचलला तर त्याचा अर्थ ठरलेला: गडी आजारी, येत नाही, वाट बघू नका. या रीतीवर ही मंडळी दोन वर्षं चालत होती.

हैदराबादहून आल्यावर कारभारी चार दिवस पदक काढेना. दुकानात पदक, देवळात पदक. भाजीवाल्यानं कोथिंबीर फुकट दिली म्हणून बाजारातही पदक. दुखवट्याला एका घरी गेला तेव्हा ते शर्टाच्या आत घातलं, पण वाकून नमस्कार करताना बाहेर आलं आणि तिथल्या म्हाताऱ्यानं डोळे पुसत विचारलं, "कशात मिळालं?"

मग तो टेकडीवर आला. पोस्टीबद्दल कुणी काही बोललं नाही. राम राम झाला, जय भीम झाला. मोतीरामनं "कैसे हो, शेठ" केलं. सुलेखाताईंनी "पाय बरे आहेत का" विचारलं आणि चढाला लागल्या. कारभारीला वाटलं, सगळं झकास आहे.

रविवारी त्याला जाग आली तेव्हा ऊन खिडकीतून येऊन त्याच्या पोटावर बसलं होतं. फोन बघितला. मिसकॉल नाही. त्यानं मला फोन लावला. मी तेव्हा दौलताबादच्या रस्त्याला, मिटमिट्याच्या पुढं, स्कूटरवर.

"अण्णा, आज रन नव्हती का?"

"आहे की. चाललीये."

"मग मला मिसकॉल नाय आला."

मी सुलेखाताईंकडं बघितलं. त्या पळता पळताच म्हणाल्या, "त्यांना सांगा, तुम्हीच लिहिलंय ना, ना कोणाची साथ. वाघाला उठवायला आपण कशाला जायचं? चावला म्हणजे?"

मी तसंच सांगितलं. एक शब्द इकडचा तिकडं केला नाही.

त्या दिवशी संध्याकाळी तो क्रांती चौकात, मी बसतो त्या हॉटेलात आला. पदक नव्हतं. मी जन्मभर पेपराच्या जाहिरात खात्यात मजकूर तपासले. वधू पाहिजे, श्रद्धांजली, हरवला आहे, असे. त्यामुळं शहरात कुणाला काही लिहायचं असलं की तो माझ्याकडं येतो.

"अण्णा, जानेवारीत परत पळायचंय मला," तो बशीत चहा ओतत म्हणाला. "एकट्यानं नाय होणार. मागं दोनदा घड्याळाचा गजर लावून बघितला होता, दोन्ही वेळा झोपेतच बंद केला. बायको म्हणते, गजर तुम्ही बंद केलाच, पण मलाच म्हणालात, शेजारच्यांचा वाजतोय. ताई परत मिसकॉल द्यायला लागतील असं काहीतरी करा."

"पोस्ट बदला."

"काढून टाकू?"

"काढली तर म्हणतील, चोरी पकडली म्हणून काढली. बदला. त्यात 'मी' लई आहे. तेवढा कमी करा."

मी एवढंच बोललो. यापेक्षा जास्त एक अक्षर मी बोललो नव्हतो, हे हॉटेलवालाही सांगेल. कारभारीनं तिथंच फोन काढला, जीभ ओठावर ठेवली आणि सगळे 'मी' खोडून टाकले. पोस्ट झाली:

"आम्ही ठरवलं. आम्ही धावलो. आम्ही जिंकलो."

फोटो तोच. एकटा माणूस, छाती पुढं आणि खांद्यावर दैवी हात.

आमच्या भागात 'आम्ही' कोण म्हणतं, हे कारभारीला कळायला हवं होतं. नावातच कारभार असलेला माणूस. तासाभरात खाली लोकांनी मुजरे घालायला सुरुवात केली. "सरकार, पालखी कुठवर आली?" "महाराज धावले की भोयांनी धावून आणलं?" एकानं विचारलं, "आम्ही म्हणजे तुम्ही आणि तुमचं पोट का?" गंगापूरहून त्याच्या सासूबाई आशाबाईंचा फोन आला. "जावईबापू, तुमच्या घराण्यात कुणी पाटील व्हतं, हे लग्नात का नाय सांगितलं? मान वेगळा केला असता."

कारभारी दुसऱ्या दिवशी दुकानातून फोनवर रडकुंडीला आला. "तुम्हीच म्हणले 'मी' काढा."

"कमी करा म्हणलो. त्याला मुकुट घाला म्हणलो नाय. आणि त्यात ताईंचं नाव कुठंय? मोतीरामचं?"

"टाकतो, आत्ता टाकतो."

दुकानात तेव्हा एक गिऱ्हाईक पाच हॉर्सपॉवरच्या मोटारीवरून घासाघीस करत होतं. एक डोळा गिऱ्हाइकावर, एक फोनवर, अशा अवस्थेत कारभारीनं लिहिलं: "या शर्यतीत माझ्या मागे सुलेखाताई खरात आणि मोतीराम होते." त्याला म्हणायचं होतं, पाठीशी होते. मनात काही पाप नव्हतं. पण धावण्याच्या शर्यतीत 'मागे' या शब्दाला एकच अर्थ आहे, आणि तो पहिलीतल्या पोरालाही कळतो.

त्या संध्याकाळी सुलेखाताईंच्या बँकेतल्या शिपायानं त्यांना धीर दिला, की ताई, होतं असं, वय झालं की माणूस मागं पडतो. आणि मोतीरामला वर्कशॉपात चहाच्या वेळी अख्ख्या शिफ्टनं घेरलं.

तो माझ्याकडं तडक आला. हात अजून ग्रीसचे. "अण्णा, मैं हैदराबाद गयाच नई. ड्यूटी पे था. गाडीके नीचे सोया था, पाना पकडके. फिर मैं इसके पीछे कैसा रहा? आं? साहेब विचारतो, मोतीराम, तू रजा न टाकता मॅरेथॉनला गेला कसा, आणि गेला तर गेला, शेवटचा आला कसा?"

"तो पाठीशी म्हणत होता रे."

"पाठीशी तो मैं सालभर था. स्कूटरपे. केळी सोलून दिली याला. सोलून. एवढं पाहिजे होतं तर केळीचं लिहायचं."

हे मी ध्यानात ठेवलं.

मधे आणखी एक पोस्ट झाली, ती कारभारीच्या बायकोच्या, सोनियाच्या बोलण्यावरून. सोनिया त्याला म्हणाली होती, "जरा नमतं घ्या, अहो. गर्व दिसतो." त्यानं असं नमतं घेतलं, की कंबर मोडली. "मी एक क्षुद्र पायधूळ. माझं काहीच नाही. जे आहे ते आपल्या सर्वांच्या आशीर्वादाचं फळ. सदैव आपल्या सेवेत, आपला नम्र, कारभारी बोडखे." आणि फोटोखाली दोन हात जोडलेले.

यावर पहिली प्रतिक्रिया आली, "कोणता वॉर्ड?" दुसरी, "भाऊ, चिन्ह काय?" तिसऱ्या दिवशी मुकुंदवाडी स्टेशनच्या अंगाची एक बाई दुकानात आली आणि तुंबलेल्या नाल्याची तक्रार सांगून गेली. कारभारीनं ऐकून घेतली. एका माजी नगरसेवकाचा माणूस येऊन, शेठ, आपल्या भागात विचार करून उभं राहा, असं सबुरीनं समजावून गेला. त्याला कारभारीनं पाण्याची बाटली दिली आणि तो उभा राहणार नाही, फक्त पळणार आहे, हे पटवायला अर्धा दिवस घालवला.

त्यात आणखी एक घोळ. फेसबुकवर पोस्ट बदलली तरी जुन्या प्रतिक्रिया खाली तशाच राहतात. त्यामुळं वर "मी क्षुद्र पायधूळ" आणि खाली लगेच "एकच वाघ", त्याखाली "सरकार, पालखी". शिवाय पोस्ट कितीदा बदलली, आधी काय होतं, हे तिथं कुणालाही काढून बघता येतं. लोक ते बघत होते. आमच्या टेकडीवर तर रोज सकाळी नवी आवृत्ती वाचूनच सराव सुरू व्हायचा. धाप लागण्याआधी हसून घ्यायची सोय.

सुलेखाताई मात्र हसत नव्हत्या. दुसराही रविवार मिसकॉलविना गेला.

त्यानंतर तो परत हॉटेलात आला. या खेपेला दाढी वाढलेली. फोन त्यानं माझ्या पुढं ठेवला. "तुम्हीच लिहा, अण्णा. माझ्याच्यानं जे लिहिलं जातं ते माझीच आरती होतं. वाकून लिहिलं तरी."

"मी लिहिलं तर त्यांना कळंल. बाई नोटा ओळखते, अक्षरं नाय ओळखणार?" मी म्हणालो. "लिहू नका. आधी मला सांगा, तिथं झालं काय? पदक, पोस्टी हे सोडून. तुमचं काय झालं?"

हॉटेलात ताटल्यांचा आवाज होता. तो खाली बघून बोलायला लागला.

"तीस किलोमीटरपर्यंत दोघांनी बरोबर पळायचं, असं ठरलं होतं. तीसनंतर ताई पुढं निघणार. त्यांना स्वतःची जुनी वेळ मोडायची होती. वर्षभर त्यासाठी खपल्या त्या. मी आपला मागून हळूहळू. तर तिसाच्या जरा पुढं, एका उड्डाणपुलाच्या चढावर, माझ्या पोटऱ्यांत गोळे आले. दोन्ही. अण्णा, मी रस्त्यावर बसलो. पळणं सोडलेल्यांना उचलणारी गाडी मागून येत होती. मी तिला हात केला."

"मग?"

"ताईंनी माझा हात खाली केला. म्हणाल्या, गाडी मुकुंदवाडीला जात नाय. मीठ चाटवलं. पोटऱ्या चोळल्या, तिथंच, रस्त्यात बसून. मी म्हणलं, ताई, तुम्ही जा, तुमची वेळ जाईल. तर म्हणाल्या, तो दिव्याचा खांब दिसतो का? तिथपर्यंत पळायचं. मग चालू."

"पळाला?"

"पळालो. मग म्हणल्या, आता त्या पुढच्यापर्यंत. मग त्याच्या पुढच्यापर्यंत. एक खांब पळायचं, एक खांब चालायचं. बारा किलोमीटर, अण्णा, खांब बघत. मला हैदराबाद दिसलंच नाय. खांब दिसले."

"आणि शेवटी?"

"शेवटी रेघ ओलांडली आणि मी रडलो." त्यानं आजूबाजूला बघितलं. "लई रडलो. आवाज काढून. नाकातून सुद्धा. ताईंनी माझा टीशर्ट मागून गच्च धरला होता, मी पडू नाय म्हणून. फोटोवाल्यानं तेच काढलं. मग मी तोंड पुसलं आणि म्हणलं, आता एक चांगला काढ. त्यात ताई बाजूला होत होत्या, तेवढ्यात त्यानं काढला. म्हणून नुसता हात आला."

म्हणजे हात कापला नव्हता. त्यात कपट नव्हतं. तोंड पुसलेलं होतं, एवढंच.

"मग साथ नव्हती असं का लिहिलं?"

"रेल्वेत सगळ्यांच्या पोस्टी बघत होतो. समदे असंच लिहितात. मला वाटलं, असंच लिहायचं असतं. मॅरेथॉनचा फॉर्मच असतो तसा."

मी त्याला एकच सांगितलं. आभार नको, आशीर्वाद नको, वाघ तर नकोच. प्रत्येक वाक्यात काम करणारं माणूस आधी येऊ दे. कुणी काय केलं, तेवढंच. तुम्ही शेवटी या, पाय ओढत, जसे आला तसे.

तो घरी गेला. ही पोस्ट त्यानं स्वयंपाकघरात बसून लिहिली, असं सोनियानं पुढं सांगितलं. पोस्ट अशी:

"सुलेखाताई खरात यांनी मला पळवलं. हैदराबादला नेऊन पळवलं. मोतीरामनं वर्षभर केळी सोलून दिली. सोनियानं रोज पाय शेकले. मी तीस किलोमीटरनंतर रस्त्यात बसलो आणि गाडीला हात केला. ताईंनी हात खाली केला. त्यांना त्यांची वेळ मोडायची होती, ती त्यांनी माझ्या पोटऱ्या चोळण्यात घालवली. पुढं आम्ही दोघं खांब मोजत आलो. मागच्या सगळ्या पोस्टी माझ्या डोक्यातल्या होत्या. ही पायांतली आहे."

आणि फोटो दुसरा. पुढं कारभारी, डोळे मिटलेले, तोंड उघडं, नाकाखाली जे चमकायला नको ते चमकतंय. मागं सुलेखाताई, घामानं निथळत, त्याचा टीशर्ट मुठीत गच्च धरून, बाजारातून बोकड घरी नेतात तसा.

मी वाचलं आणि मला बरं वाटलं. मग दुसऱ्यांदा पहिलं वाक्य वाचलं आणि चहा नाकात गेला.

कारण 'पळवलं' म्हणजे पळायला लावलं, हे आमच्या टेकडीवर. टेकडी सोडून उरलेल्या महाराष्ट्रात 'पळवलं' म्हणजे काय, हे सांगायला नको. तेही परगावी नेऊन.

आशाबाईंचा फोन सोनियाला आला. आवाज खाली, जणू गंगापुरात भिंतींना कान. "बाई, हे कधी झालं? आणि तो फोटोत रडतोय कशाला? जबरदस्तीनं नेलं का?"

"आई, मॅरेथॉनला नेलं."

"नाव कायबी देतात आजकाल. पण बाई आहे कोण? नोकरीवाली आहे म्हणतात ना? मग परत कशाला पाठवला?"

पाइप कंपनीच्या एजंटानं सवयीनं "एकच वाघ" लिहिलं, मग वाचलं असावं, आणि खोडलं. मोतीरामनं केळ्याचं चित्र टाकलं, दुसरं काही नाही. मग सुलेखाताईंचे यजमान धम्मपाल खरात, शाळेतून निवृत्त झालेला, फेसबुकवर कधी तोंड न उघडणारा माणूस, त्यांनी खाली लिहिलं: "सुलेखा, आपल्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. मला तू अजून पैठणपर्यंतसुद्धा पळवलं नाहीस."

दुसऱ्या सकाळी टेकडीच्या पायथ्याशी सुलेखाताई आल्या, स्कूटर लावली, चावी माझ्या हातात दिली आणि हसायला लागल्या. आधी खांदे हलले. मग त्या माझ्या दगडावर बसल्या. मग चष्मा काढला. बँकेत दोन तिजोऱ्यांच्या मधे बसून या बाईनं इतकी वर्षं जे हसू साठवलं होतं ते सगळं तिथं फुटलं. वर चढणारे थांबून खाली बघायला लागले. मी तर शपथेवर सांगतो, पाणचक्कीपर्यंत ऐकू गेलं असेल.

"आमच्या मॅनेजरनं विचारलं," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही सुट्टी मॅरेथॉनसाठी घेतली होती ना?"

तेवढ्यात कारभारी खालमानेनं आला. बाजूला उभा राहिला. "ताई, चुकलं. शब्द लगेच बदलतो. 'पळायला लावलं' करतो."

"हात लावायचा नाय त्या शब्दाला," सुलेखाताई म्हणाल्या. "मी पळवलं म्हणजे पळवलंच. बोकडासारखं. तो राहू द्या." मग चष्मा घालून म्हणाल्या, "एक वाक्य तेवढं काढा. माझी वेळ गेली, ते."

"पण ते खरं आहे, ताई."

"खरं आहे म्हणूनच. ती माझी वेळ आहे. मी कुठं घालवली, ते मी बघीन. लोक येऊन माझ्या डोक्यावरून हात फिरवतील, त्या माउलीनं त्याग केला म्हणतील. मला त्याग नको, मला जानेवारीत वेळ मोडायची आहे. काढा."

कारभारीनं तिथंच काढलं. काढून दाखवलं. त्यांनी वाचलं, मान हलवली आणि चढाला लागल्या. मागून कारभारी. मी तर म्हणेन, त्या वाक्यासाठी त्यांनी आधीचं सगळं माफ केलं नसेल, पण बाजूला ठेवलं असेल. वाक्य कुणाच्या मालकीचं आहे, हे कळायला त्याला सगळ्या आवृत्त्या लागल्या.

मिसकॉलचं मात्र कुणी बोललं नाही.

शनिवारी कारभारी लवकर झोपला. फोन उशीखाली, मग छातीवर, मग हातात. सोनिया म्हणाली, फोनलाच कुशीत घ्या आता. पहाट व्हायच्या आधीपासून तो पडद्याकडं बघत पडून होता. आणि ठरल्या वेळेला फोन वाजला. सुलेखाताई.

पंधरा दिवस उपाशी माणसाला घास दिसल्यावर तो काय करील? कारभारीनं फोन उचलला.

"ताई," तो एवढंच म्हणाला. दिवसाचा पहिलाच शब्द, त्यामुळं आवाज घोगरा निघाला.

मग सुलेखाताई म्हणाल्या, "बरं नाय का? असू द्या, पडून राहा. काढा घ्या." आणि फोन कट. त्यांनी पुढं थेट मोतीरामला मिसकॉल दिला, मोतीरामनं मला.

आम्ही नगर नाक्यावरून निघालो. ताई पुढं, आणखी तिघे-चौघे त्यांच्या बरोबर, बाजूला आमची स्कूटर. पडेगाव ओलांडलं आणि मला मागून हाक ऐकू आली. कॅन सावरत वळून बघितलं. लांब, रस्त्याच्या कडेनं कारभारी येत होता. एका पायाच्या बुटाची नाडी सुटलेली, टीशर्ट उलटा, एक हात वर, जसा त्या गाडीला केला असेल तसा.

"मोतीराम, हळू घे. कारभारी आलाय."

मोतीरामनं आरशात बघितलं. "अब बोलो, अण्णा. अब पीछे कौन है?"

सुलेखाताई थांबल्या नाहीत. वळल्या, चार पावलं उलटी पळाल्या आणि कारभारीला पुढचा विजेचा खांब हातानं दाखवला. तिथं जाऊन मात्र उभ्या राहिल्या, कमरेवर हात ठेवून. मोतीरामनं स्कूटर लावली आणि एक केळ काढलं.

"सोलू?" त्यानं मला विचारलं.

"त्याला विचार," मी म्हणालो.

कारभारी खांबाला पोचला, धापा टाकत खांबाला मिठी मारली आणि बोलता येईना म्हणून नुसती मान हलवली. मोतीरामनं केळ सोललं.